हवा ब्रेक लावते, हवाच ब्रेक सोडते

पहाटे एसटीच्या डेपोत गाड्या सुरू होतात तेव्हा एक गोष्ट पाहण्यासारखी असते. चालक स्टार्टर मारतो, इंजिन धडधडू लागतं, पण गाडी जागची हलत नाही. डॅशबोर्डवर बझर वाजत असतो आणि हवेच्या दाबाचे काटे तळाशी असतात. चालक त्या काट्यांकडे बघत बसतो. काटे चार-पाच बारच्या पुढे सरकले की बझर थांबतो. आठच्या आसपास पोचले की गाडीच्या पोटाखालून जोरात ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि मग गाडी निघते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, इंजिन गरम करणं चाललंय. खरं कारण वेगळं आहे. त्या क्षणी मागची चाकं जखडलेली असतात आणि त्यांना मोकळं करण्यापुरती हवा अजून टाकीत जमलेली नसते.

मोटारगाडीत ब्रेकचं काम तेल करतं. पायाने पेडल दाबलं की नळीतलं तेल चाकापर्यंत तो दाब नेतं. तेल मोजकंच असतं. नळी फुटली की ते सांडतं आणि त्या बाजूचा ब्रेक संपतो. पंचवीस-तीस टनांच्या गाडीला लागणारा जोर माणसाच्या पायात नसतोच. शिवाय ट्रेलर जोडायचा-सोडायचा म्हणजे दर वेळी तेलाची नळी उघडून तिच्यातली हवा काढत बसावं लागलं असतं. हवेचं तसं नाही. ती बाहेर भरपूर आहे, वापरून झाली की बाहेरच सोडून देता येते, आणि बारीकशी गळती असली तरी इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर ती भरून काढतो.

ही कल्पना रस्त्यावर येण्याआधी रुळांवर आली. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1869 मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्या पहिल्या रचनेत इंजिनातून हवा सोडली की डब्यांचे ब्रेक लागत. मग मधेच नळी तुटली तर? मागचे सगळे डबे बिनब्रेकचे. 1872 मध्ये त्यांनी रचना उलटी केली. नळीत हवेचा दाब कायम ठेवायचा आणि तो घटला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावेल, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे गाडी दुभंगली तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबू लागले. ट्रक आणि बस यांच्यात मात्र हे दोन्ही विचार एकाच चाकापाशी एकत्र नांदतात आणि गैरसमजांची सुरुवातही तिथूनच होते.

कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. दाब साधारण आठ बारला पोचला की गव्हर्नर त्याला थांबवतो, म्हणजे कॉम्प्रेसर फिरत राहतो पण हवा भरत नाही. दाब सातच्या आसपास उतरला की तो पुन्हा भरू लागतो. मघाचा ‘फुस्स’ आवाज गव्हर्नर कॉम्प्रेसरला थांबवतो त्या वेळचा असतो. हवा वाळवणाऱ्या ड्रायरमध्ये साठलेलं पाणी त्या झटक्यात बाहेर फेकलं जातं. पाणी कुठून येतं? हवा दाबली की तिला वाफ धरून ठेवता येत नाही. पावसाळ्यातल्या कोकणच्या दमट हवेचा नऊ घनमीटरांचा साठा दाबून एक घनमीटरात कोंबला, तर त्यातून दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी सुटतं. ड्रायरमधला पाणी शोषणारा माल संपला की हे पाणी टाकीत उतरतं, कॉम्प्रेसरमधून आलेल्या तेलात मिसळून त्याचा राखाडी चिकटा होतो आणि तो व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाकीच्या तळाची तोटी ओढून बघायची सवय असावी. पाणी आलं तर ड्रायर बदलायची वेळ झाली आहे.

टाक्या एकापेक्षा जास्त असतात आणि पुढच्या व मागच्या चाकांची हवा वेगळी ठेवलेली असते. एका बाजूची नळी फुटली तरी दुसऱ्या बाजूची हवा शाबूत राहावी म्हणून. डॅशबोर्डवर काटे दोन दिसतात ते यासाठीच.

आता पेडलकडे येऊ. पेडल थेट चाकाला काहीच सांगत नाही. त्याच्याखाली एक व्हॉल्व्ह असतो आणि त्यात एक स्प्रिंग व एक पिस्टन. पायाने स्प्रिंग दाबली जाते, पिस्टन खाली सरकतो, टाकीची वाट उघडते आणि हवा चाकांकडे धावते. पण जी हवा पुढे गेली तीच खालून पिस्टनला वर ढकलू लागते. दोन्ही बाजूंचा जोर सारखा झाला की वाट बंद होते आणि चाकाकडे गेलेला दाब तिथेच थांबतो. पाय आणखी दाबला की आणखी थोडी हवा जाते. पाय सैल केला की थोडी हवा बाहेर सुटते आणि दाब उतरतो. साध्या रहदारीत चाकाकडे एक-दोन बारच जातात. बाकीचा साठा राखीव असतो.

या व्यवस्थेत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती लक्षात ठेवावी. चालकाच्या पायाला जाणवतो तो व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंगचा आणि हवेचा जोर, चाकाचा नव्हे. तेलाच्या ब्रेकमध्ये लायनर झिजले किंवा तेल कमी झालं तर पेडल खोल जातं आणि पायाला शंका येते. हवेच्या ब्रेकमध्ये चाकापाशी काहीही बिघडलं तरी पेडल तसंच लागतं.

चाकापाशी हवा एका गोल डब्यात शिरते. त्याला ब्रेक चेंबर म्हणतात. आत रबराचा डायफ्रॅम असतो. हवा त्याला ढकलते आणि तो एक दांडा पुढे ढकलतो. मोठ्या ट्रकवर सर्रास दिसणाऱ्या चेंबरच्या डायफ्रॅमचं क्षेत्रफळ 30 चौरस इंच, म्हणजे सुमारे 194 चौरस सेंटीमीटर असतं. सात बार दाब दिला तर दांड्यावर 1,350 किलोच्या आसपास जोर येतो, आणि तोही फक्त एका चाकावर. हा दांडा सुमारे पंधरा सेंटीमीटर लांबीच्या एका लोखंडी बाहूला ढकलतो. तो बाहू म्हणजे स्लॅक अ‍ॅडजस्टर. बाहू वळला की त्याच्यातून गेलेला दंड वळतो आणि त्या दंडाच्या टोकाला इंग्रजी एसच्या आकाराचा कॅम असतो. कॅम फिरला की दोन्ही शू फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर घासतात. पाय काढला की हवा बाहेर जाते, परतीची स्प्रिंग शू मागे ओढते. सिग्नलला बस थांबून निघताना ऐकू येणारा सुस्कारा हाच.

दांडा एकंदर जितका सरकू शकतो ती लांबी मर्यादित आहे. वर सांगितलेल्या चेंबरमध्ये ती सुमारे 64 मिलीमीटर. त्यातले जेमतेम 50 मिलीमीटर कामाचे धरायचे. त्यापुढे डायफ्रॅम ताणाच्या टोकाला येतो आणि जोर झपाट्याने उतरतो. 64 ला दांडा डब्याच्या तळाशी टेकला की हवा कितीही भरा, चाकाला काही मिळत नाही.

मागच्या चाकांच्या चेंबरला पाठीमागे आणखी एक डबा जोडलेला असतो. त्यात एक जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. सोडली तर तोच दांडा ढकलून ब्रेक लावेल इतक्या ताकदीची. इथे हवेचं काम उलटं आहे. ती स्प्रिंगला मागे रेटून धरते. चालक पार्किंगची मूठ ओढतो तेव्हा तो हवा सोडून देतो आणि स्प्रिंग मोकळी होते. डेपोतली बस सकाळी हलत नव्हती ती यामुळे. रात्रभरात हवा उतरलेली असते किंवा मूठ ओढलेली असते, आणि स्प्रिंगने चाकं पकडलेली असतात. ही स्प्रिंग टनभर जोराची असते. तो डबा उघडायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाच्या छातीत किंवा डोक्यात त्याचं झाकण बसलं तर जीव जातो. गाडी रस्त्यात हवेविना अडकली तर डब्याच्या पाठीमागचा खास बोल्ट वापरून स्प्रिंग मागे ओढतात. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय त्या बोल्टाला हात लावू नये, कारण स्प्रिंग मागे ओढली की गाडीला ब्रेकच उरत नाही.

म्हणजे पायाचा ब्रेक हवेने लागतो आणि पार्किंगचा ब्रेक हवेने सुटतो. ‘हवा गेली की एअर ब्रेक आपोआप लागतो, म्हणून तो फेल होतच नाही’ असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. हवा गेली की मागची स्प्रिंग लागते हे खरं. पण ती उभी गाडी धरून ठेवण्यासाठी आहे. धावती, भरलेली गाडी उतारावर थांबवण्याची तिची ताकद नाही आणि पुढच्या चाकांवर सहसा ती नसतेच. आणि घाटात ब्रेक जातात ते बहुतेक वेळा हवा संपल्यामुळे जात नाहीत. काटा आठवर असताना जातात.

हे कसं होतं ते बोरघाटावर आकडे मांडून पाहू. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर खाली उतरतो. तीन आसांचा, दहा चाकांचा ट्रक पूर्ण भरलेला असेल तर त्याचं कायदेशीर एकूण वजन 28.5 टन. एवढं वजन पाचशे मीटर खाली आणताना 140 मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती कुठेतरी जायलाच हवी. तुलनेसाठी, हाच ट्रक ताशी 60 किलोमीटर वेगातून सपाट रस्त्यावर एकदा थांबवला तर फक्त चार मेगाज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे घाट उतरणं हे साठच्या वेगातून लागोपाठ पस्तीस वेळा थांबण्याइतकं आहे. आंघोळीच्या बंबाच्या भाषेत सांगायचं तर या उष्णतेने पावणेपाचशे लिटर पाणी उकळेल.

समजा चालकाने हे सगळं ब्रेकवर सोपवलं. ट्रकला ड्रम सहा, एकेक चाळीस-पन्नास किलोचा. तीनशे किलो लोखंड धरलं आणि वाटेत ते अजिबात निवलं नाही असं मानलं, तर खोपोलीला पोचेपर्यंत त्याचं तापमान नऊशे अंशांहून जास्त वाढायला हवं. प्रत्यक्षात टायरांचं घर्षण थोडा वाटा उचलतं, वारा ड्रमना निववतो, त्यामुळे आकडा तिथवर जात नाही. पण तीनशे अंश गाठायला सगळा घाटही लागत नाही, आणि तीनशेच्या पुढे साध्या लायनरची पकड ढासळू लागते. तोच दाब, तोच जोर, पण घर्षण कमी. घाटाच्या पायथ्याशी ट्रक उभे असतात तेव्हा जळक्या लायनरचा जो उग्र वास येतो, तो याच अवस्थेचा.

एवढ्यावर भागत नाही. लोखंड तापलं की फुगतं. चाळीस सेंटीमीटर व्यासाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास 1.3 मिलीमीटरने वाढतो. मोटारीच्या डिस्क ब्रेकमध्ये तापलेली डिस्क जाड होऊन पॅडच्या जवळ येते. इथे ड्रम शूपासून दूर पळतो. सव्वा मिलीमीटर म्हणजे काय विशेष, असं वाटेल. पण कॅम आणि बाहू यांच्यामुळे जोर जसा वाढतो तसं अंतरही वाढतं. शूला ते बारीक अंतर गाठायला दांड्याला एक सेंटीमीटर किंवा त्याहून थोडं अधिक सरकावं लागतं. घाटमाथ्यावर थंड असताना ज्या चाकाचा दांडा 35 मिलीमीटर सरकत होता, तो आता 47 सरकेल आणि काम निभावून नेईल. पण ज्या चाकाची जुळणी सैल होती, जिथे दांडा थंडीतच 50 सरकत होता, तिथे तो 62 वर जातो. म्हणजे जवळजवळ डब्याच्या तळाशी. ते चाक ब्रेकच्या कामातून बाद झालं. त्याचा भार उरलेल्या पाच चाकांवर पडतो, ती आणखी तापतात, त्यांचे ड्रम आणखी फुगतात. मग पुढचं सैल चाक बाद होतं.

हे सगळं होत असताना चालकाच्या पायाला काहीच कळत नाही, कारण पेडल तेच उत्तर देत असतं. काटाही आठवरच असतो. कळतं ते एवढंच की मघाशी एक बारने जेवढी गाडी आवरत होती, तिला आता तीन लागतात, मग पाच. घाबरून तो पेडल पुन:पुन्हा मारू लागतो. दर वेळी चेंबरभर हवा बाहेर जाते. गाडी जर डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेली असेल तर इंजिन मंद चालतंय, कॉम्प्रेसर सावकाश हवा भरतोय आणि इंजिनाचा अटकावही नाही. आता खरोखर काटा उतरू लागतो. चारच्या आसपास बझर वाजतो, त्याहून खाली स्प्रिंग लागते. पण ती लागते त्याच तापलेल्या ड्रमवर, त्याच गुळगुळीत झालेल्या लायनरवर आणि त्याच टोकाला पोचलेल्या दांड्याने. हवेने जे जमलं नाही ते स्प्रिंगलाही जमत नाही. अपघातानंतर ‘ब्रेक फेल’ एवढीच नोंद होते. गाडी निवल्यावर तपासली तर ब्रेक पुन्हा लागतानाही दिसतात.

वेग वाढलेल्या गाडीला आणखी एक अडचण नडते. पेडल दाबल्यापासून मागच्या चाकाला पुरता दाब मिळेपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो, कारण हवा नळीतून वाहत जाऊन चेंबर भरायचा असतो. हा वेळ कमी करायला मागच्या आसाजवळ टाकी आणि रिले व्हॉल्व्ह ठेवतात. मग पेडलकडून फक्त हुकूम जातो आणि हवा जवळच्या टाकीतून मिळते. तरी साठच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. बससमोर झटकन घुसणाऱ्या दुचाकीवाल्यांनी हे आठ मीटर ध्यानात ठेवावेत.

उताराचं उत्तर ब्रेकमध्ये नाही, गिअरमध्ये आहे. जुने ड्रायव्हर क्लीनरला शिकवत, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. अलीकडची दमदार इंजिनं वरच्या गिअरमध्ये घाट चढून जातात, म्हणून आता त्याहीपेक्षा खालचा गिअर बरा. तो घाटमाथ्यावरच टाकायचा. उतारावर वेग घेतलेल्या गाडीत खालचा गिअर पडत नाही आणि त्या धडपडीत गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर चालू करायचा. इंजिनाने बहुतेक भार घेतला की ब्रेक फक्त वरखर्चाला लागतो. वेगाची मर्यादा तीस ठरवली असेल तर तीसला पोचल्यावर पेडल ठामपणे दाबून वेग बावीसपर्यंत आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पुन्हा तीस झाला की पुन्हा तसंच. पाय हलकेच पेडलवर ठेवून सगळा घाट उतरणं वाईट, कारण त्या हलक्या दाबाला सगळे ब्रेक सारखे लागत नाहीत. ज्या चाकांची जुळणी घट्ट आहे ती एकटी भार ओढतात आणि जळतात.

उरली ती सैल जुळणी. लायनर झिजतात तसा दांडा जास्त सरकू लागतो, म्हणून पूर्वी फिटर स्लॅक अ‍ॅडजस्टरचा बोल्ट फिरवून ते अंतर काढून टाकत. आता बहुतेक नव्या गाड्यांना ते काम आपोआप करणारे अ‍ॅडजस्टर असतात. आणि इथेच एक चांगल्या हेतूने केलेली चूक सगळीकडे होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक इथे एप्रिल 2003 मध्ये तीव्र उतारावर एका डंपरचे ब्रेक निकामी झाले आणि तो मोटारींवर जाऊन आदळला. तिथल्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने तपास केला तेव्हा ब्रेकची जुळणी बिघडलेली आढळली. त्या ट्रकला आपोआप जुळणारे अ‍ॅडजस्टर होते आणि ते हाताने फिरवून जुळवले जात होते. आपोआप जुळणारा नग जुळत नसेल तर तो स्वतः बिघडला आहे, किंवा कॅमचा दंड, बुश, शू यांत कुठेतरी दोष आहे. हाताने बोल्ट फिरवला की दांडा तेवढ्यापुरता बरोबर दिसतो आणि मूळ दोष झाकला जातो. थोड्याच दिवसांत तो पुन्हा सैल पडतो, या वेळी कुणाच्या नकळत.

दांडा मोजायला खडू, पट्टी आणि एक सोबती पुरे. गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, हवा पूर्ण भरा, पार्किंगची मूठ सोडा आणि इंजिन बंद करा. चेंबरमधून दांडा जिथे बाहेर येतो तिथे त्यावर खडूची खूण करा. केबिनमधल्या सोबत्याला पेडल दाबून धरायला सांगा आणि खूण किती पुढे सरकली ते मोजा. 30 चौरस इंचांच्या साध्या चेंबरला 50 मिलीमीटरच्या वर आकडा गेला तर ती गाडी घाटात नेऊ नका. पेडल दाबलेलं असतानाच सोबत्याने काट्याकडेही बघावं: मिनिटभरात तो 0.2 बारहून जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे आणि कान दिला तर ती ऐकूही येते. मग पेडल मारत मारत हवा उतरवा. बझर चारच्या वर असतानाच वाजला पाहिजे. नाही वाजला तर बझर दुरुस्त करून घ्या. आणि अ‍ॅडजस्टर आपोआप जुळणारा असेल, तरीही दांडा जास्त सरकत असेल, तर दोष शोधून तो भाग बदला. बोल्ट फिरवून गाडी घाटात पाठवू नका.